लघवीनंतरची शिल्लक : सोनोग्राफीच्या अहवालातील एक आकडा

साठी ओलांडलेल्या पुरुषाने पोटाची सोनोग्राफी केली की अहवालाच्या शेवटी बहुधा दोन ओळी असतात. पहिली ओळ प्रोस्टेट ग्रंथी वाढली असल्याचे सांगते आणि तिचे वजन ग्रॅममध्ये देते. दुसऱ्या ओळीत लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहिली, त्याचा आकडा मिलिलिटरमध्ये असतो. घरातील मंडळी पहिली ओळ वाचून घाबरतात आणि दुसरीकडे फारसे कोणी पाहत नाही. माझा अनुभव असा की, या दोन ओळींत दुसरी अधिक बोलकी आहे. मात्र तो आकडा कसा आला हे विचारल्याशिवाय तिच्यावरही विश्वास ठेवू नये.

मी वैद्यक शिकलेला माणूस नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर आणि पस्तीस वर्षे बँकेत कर्जाची कागदपत्रे वाचलेला. निवृत्तीनंतर नात्यागोत्यातील मंडळी पूर्वी जसे ताळेबंद घेऊन येत, तसे आता दवाखान्याचे कागद घेऊन येतात. आमचे चुलत बंधू अण्णा यांचा अहवाल असाच माझ्यासमोर आला. त्यांच्याबरोबर मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाच-सहा खेपा झाल्या. त्या डॉक्टरांना समजावून सांगण्याची हौस होती आणि मला विचारण्याची. त्यातून जे उमगले ते येथे लिहीत आहे. आपल्या समाजातील कित्येक ज्येष्ठ पुरुष हा विषय संकोचाने मनातच ठेवतात, म्हणून हा प्रपंच.

प्रथम त्या पहिल्या ओळीविषयी. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी ती साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची असते आणि वयाबरोबर वाढत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर साठीच्या आसपासच्या सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ आढळते. ती कर्करोग नव्हे. कर्करोगाचा विचार वेगळा करावा लागतो आणि त्यासाठी डॉक्टर बोटाने तपासतात व पीएसए नावाची रक्तचाचणी करतात. सोनोग्राफीत ग्रंथीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ०.५२ ने गुणतात. अण्णांच्या अहवालात ४.६, ४.२ आणि ४.० हे आकडे होते. गुणाकार ७७ च्या थोडा वर आणि ०.५२ ने गुणल्यावर सुमारे ४०. म्हणजे ग्रंथी चाळीस ग्रॅमची, सर्वसाधारण मापाच्या जवळजवळ दुप्पट.

हा आकडा वाचून अण्णांचे चिरंजीव हादरले होते. पण याच अण्णांचे एक साडू आहेत, त्यांची ग्रंथी सत्तर ग्रॅमची आहे आणि ते रात्री एकदाही न उठता झोपतात. असे का होते, हे डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितले : ग्रंथी बाहेरच्या अंगाला वाढली तर मार्ग मोकळा राहतो, आतल्या अंगाला वाढली तर लहान ग्रंथीही मार्ग आवळते. कधी तिचा मधला भाग मूत्राशयात वर डोकावतो आणि लघवीच्या वेळी झडपेसारखा तोंडावर येऊन बसतो. अशी ग्रंथी तीस ग्रॅमची असली तरी माणसाला हैराण करते. वजन म्हणजे दुकानाचे क्षेत्रफळ. त्यावरून धंदा कसा चालला आहे ते कळत नाही. मोठ्या ग्रंथीमुळे पुढील काही वर्षांत त्रास वाढण्याची शक्यता अधिक असते आणि औषध निवडताना वजनाचा उपयोग होतो, एवढे खरे. आज त्रास किती आहे, हे मात्र वजन सांगत नाही.

आता दुसरी ओळ. तिला वैद्यकीय भाषेत पोस्ट व्हॉइड रेसिड्यू किंवा पी.व्ही.आर. म्हणतात. आपण तिला शिल्लक म्हणू, कारण रोजमेळातील शिल्लक आणि ही शिल्लक यांचे गणित एकच आहे. मूत्रपिंडे दिवसरात्र थेंबथेंब जमा करीत असतात आणि लघवीच्या वेळी आपण ती रक्कम काढतो. निरोगी मूत्राशय जवळजवळ पूर्ण रिकामे होते. वाट आवळली गेली किंवा मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी पडला, तर काही भाग आतच राहतो. तीच ही शिल्लक.

या शिल्लकीमुळे त्रास कसा होतो, हे समजायला थोडा हिशेब पुरेसा आहे. समजा एखाद्या गृहस्थाच्या मूत्राशयात जोराची घाई होईपर्यंत ४०० मिलिलिटर मावते आणि त्यांना दिवसभरात १८०० मिलिलिटर लघवी होते, म्हणजे सरासरी तासाला ७५. मूत्राशय पूर्ण रिकामे होत असेल, तर ते पुन्हा भरायला पाच तासांहून अधिक वेळ लागेल. आता त्यांची शिल्लक १५० आहे असे धरा. म्हणजे वापरायला जागा उरली २५० ची आणि ती सव्वातीन तासांत भरते. गृहस्थ म्हणतात, 'आताच जाऊन आलो आणि पुन्हा लागली.' त्यांना लघवी जास्त होत नाही, साठवायची जागा कमी झालेली असते. बँकेत किमान शिल्लक अडकवून ठेवावी लागली की हाती खेळणारी रक्कम कमी होते, तसेच हे. शिवाय जे आत साचून राहते त्यात जंतू वाढण्याची आणि खडा होण्याची भीती असते.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतो. एखाद्याची शिल्लक ४० किंवा ५० असेल आणि तो तासातासाला उठत असेल, तर दोष शिल्लकीवर टाकता येत नाही. तेथे कारण वेगळे शोधावे लागते. मूत्राशय चिडखोर झालेले असू शकते, साखर वाढलेली असू शकते किंवा मूत्रपिंडे रात्रीच जास्त लघवी तयार करीत असू शकतात. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे साधारण ५० मिलिलिटरच्या आत शिल्लक असेल तर मूत्राशय नीट रिकामे होते असे समजतात आणि २०० च्या वर असेल तर नीट होत नाही असे. मधला पट्टा संदिग्ध असतो आणि तेथे आकड्यापेक्षा माणूस पाहावा लागतो.

अण्णांचा आकडा नेमका याच मधल्या पट्ट्यात होता : १७०. अहवालात त्यापुढे 'लक्षणीय' असा शेरा होता. अण्णा अडुसष्ट वर्षांचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. सकाळपासून सायंकाळपर्यंत गादीवर बैठक. रात्री तीनदा उठणे, धार बारीक, सुरू व्हायला वेळ, संपल्यावरही काही राहिल्यासारखे वाटणे, अशा तक्रारी दोन वर्षांपासून होत्या. यार्डातील एका स्नेह्याने त्यांना सांगितले, '१७० म्हणजे शस्त्रक्रियाच.' अण्णा माझ्याकडे आले ते शस्त्रक्रियेला किती खर्च येईल आणि विमा मिळेल का, हे विचारायला.

मूत्ररोगतज्ज्ञांनी अहवाल पाहिला आणि शस्त्रक्रियेविषयी अवाक्षरही न काढता विचारले, "ज्या दिवशी सोनोग्राफी झाली त्या दिवशी काय काय घडले, ते क्रमाने सांगा." अण्णांनी सांगितले. सकाळी साडेदहाला केंद्रात एक लिटर पाणी प्यायला सांगितले. नंबर सव्वाबाराला आला, तोवर पोट ताठ झाले होते आणि एका जागी बसवत नव्हते. पहिली तपासणी झाली, तेव्हा मूत्राशयात ६२० मिलिलिटर लघवी होती. मग लघवी करून यायला सांगितले. शौचालय एकच, बाहेर माणसे खोळंबलेली, दारावर कोणी टकटक करीत होते. अण्णा परत आले तेव्हा टेबलावर दुसरा रुग्ण होता. पंचवीस मिनिटे थांबल्यावर दुसरी तपासणी झाली.

डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. एवढे पाणी प्यायल्यावर मूत्रपिंडे नेहमीच्या वेगाने काम करीत नाहीत. मिनिटाला आठ-दहा मिलिलिटर लघवी सहज तयार होऊ शकते. आठच धरले तरी पंचवीस मिनिटांत दोनशे मिलिलिटर झाले. म्हणजे लघवी करून परत येईपर्यंत मूत्राशय पूर्ण रिकामे झाले असते तरी यंत्राला १७० दिसले असते. दुसरे कारण ताणाचे. एवढे फुगलेले मूत्राशय रबर ताणल्यासारखे होते, त्याचा स्नायू नीट आवळला जात नाही. तिसरे कारण मनाचे. दारावर टकटक होत असताना कोणाचेही मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. "ही तुमची रोजची शिल्लक नव्हे, त्या एका दिवसाची आहे," ते म्हणाले.

मला हे लगेच पटले. आमच्याकडेही कर्ज मागणाऱ्याच्या खात्यात एका दिवशी किती रक्कम आहे यावर कोणी निर्णय घेत नसे. सहा महिन्यांचा उतारा पाहत असू. या आकड्याचेही तसेच आहे. एकाच माणसात तो सकाळी एक आणि सायंकाळी दुसरा येऊ शकतो, म्हणून एका मोजणीवर निर्णय घेत नाहीत.

पुढील मोजणी डॉक्टरांनी आपल्याच दवाखान्यात केली. अण्णांना सांगितले, नेहमीसारखे पाणी प्या, नेहमीसारखी लागली की सांगा. मूत्राशयात तीनशेच्या आसपास असताना त्यांना स्वतंत्र शौचालयात पाठवले, घाई नाही, दार आतून बंद. तेथेच एका यंत्रात धारेचा वेगही नोंदला गेला. बाहेर आल्यावर पाच मिनिटांच्या आत पोटावर यंत्र ठेवले. शिल्लक भरली ८५. आठ दिवसांनी पुन्हा केली तेव्हा ७०. म्हणजे खरी शिल्लक ऐंशीच्या आसपास होती, पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

धारेचा वेग मात्र कमी निघाला. सेकंदाला पंधरा मिलिलिटरच्या वर वेग गेला तर तो बहुधा चांगला समजतात, दहाच्या खाली आला तर शंका घेतात. अण्णांचा नऊ होता. येथे एक मर्यादा डॉक्टरांनी आवर्जून सांगितली. धार मंद असणे आणि शिल्लक राहणे, या दोन्ही गोष्टी दोन कारणांनी होऊ शकतात : वाट अरुंद झाल्याने किंवा स्नायू दुबळा झाल्याने. नळाचे तोंड दाबले तरी पाणी मंद येते आणि टाकीतील दाब कमी झाला तरी मंद येते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत स्नायू दुबळा असण्याची शक्यता अधिक असते आणि अशा माणसाची ग्रंथी काढून टाकली तरी शिल्लक कमी होईलच असे नाही. शंका असेल तेथे मूत्राशयातील दाब मोजण्याची वेगळी चाचणी असते, तिला युरोडायनॅमिक्स म्हणतात. अण्णांना मधुमेह नव्हता आणि मूत्रपिंडाची रक्तचाचणी, लघवीची चाचणी आणि पीएसए ठीक होते. सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर सूजही नव्हती. त्यामुळे त्यांना त्या चाचणीची गरज पडली नाही.

मग डॉक्टरांनी एक प्रश्नावली भरून घेतली. गेल्या महिन्यातील त्रासाविषयी सात प्रश्न असतात : राहिल्यासारखे वाटणे, दोन तासांत पुन्हा लागणे, तुटक धार, घाई, बारीक धार, जोर करावा लागणे आणि रात्रीचे उठणे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि वीसपासून पुढे तीव्र. अण्णांचे सतरा झाले. आठवा प्रश्न वेगळा असतो : आयुष्यभर असेच राहिले तर तुम्हाला कसे वाटेल? अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिवसाचे मी चालवून घेईन. रात्रीची झोप मात्र मिळाली पाहिजे. पहाटे लिलावाला उभा राहतो तेव्हा डोके चालत नाही, गेल्या हंगामात दोनदा भाव चुकलो." माझ्या लेखी त्या सर्व कागदांतील सर्वांत महत्त्वाची नोंद ही होती. उपचार कशासाठी करायचा, हे त्यावरून ठरले.

रात्रीचे उठणे समजून घेण्यासाठी डॉक्टरांनी तीन दिवसांची वही लिहायला सांगितली. मापाचे भांडे घेऊन प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहायचे, सोबत पाणी किती वाजता किती प्यायले तेही. अडतीच्या माणसाला वही लिहायला शिकवावे लागत नाही. अण्णांनी खतावणीसारखी सुरेख वही केली. तिची बेरीज पाहिल्यावर नवीच गोष्ट समोर आली. चोवीस तासांत १८०० मिलिलिटर, त्यातले ८२० रात्री झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत. म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस टक्के. उतारवयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक झाला तर मूत्रपिंडे रात्री जास्त काम करीत आहेत असे समजतात. रात्री दर खेपेला दोनशेच्या आसपास लघवी होत होती. म्हणजे तीनदा उठण्यात निम्मा दोष प्रोस्टेटचा नव्हताच.

येथे आपल्या घरांशी निगडित एक बाब आहे. रात्री लघवीला उठावे लागते म्हटले की पहिला सल्ला मिळतो, 'संध्याकाळनंतर पाणी कमी प्या.' अण्णा गेली वीस वर्षे चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. त्यांना हा सल्ला काय कामाचा? वहीतही दिसत होते की शेवटचे पाणी सहाच्या आत होते आणि ते दहापर्यंत बाहेरही पडत होते. मग रात्रीचे ८२० आले कोठून? डॉक्टरांनी अण्णांचे मोजे उतरवायला सांगितले आणि घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. दिवसभर गादीवर बसून पायांत पाणी उतरत होते. रक्तदाबाच्या गोळीमुळेही घोट्यांवर सूज येते, तशी गोळी त्यांना चालू होती. रात्री आडवे झाले की पायांतील ते पाणी रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. चौविहार पाळूनही रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर प्रोस्टेटइतकेच पायांकडेही पाहावे, हा या वहीचा धडा.

उपचार साधा ठरला. टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. ही गोळी ग्रंथी लहान करीत नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करते, त्यामुळे काही दिवसांतच फरक जाणवतो. ग्रंथी आकसवणारी औषधे वेगळी असतात. त्यांना परिणाम दाखवायला सहा महिने तरी लागतात आणि त्यांच्यामुळे पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून ती घेत असलेल्याने पुढील प्रत्येक चाचणीच्या वेळी ते सांगितले पाहिजे. टॅमसुलोसिनच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळायच्या : अंथरुणातून उठताना क्षणभर बसून मग उभे राहणे, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर ही गोळी घेत असल्याचे नेत्रतज्ज्ञांना आधी सांगणे, कारण तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ सैल पडते. रक्तदाबाची गोळी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बदलून दिली. दुपारी पेढीच्या मागच्या खोलीत तासभर पाय उंच ठेवून पडायचे, म्हणजे ते पाणी रात्रीऐवजी दिवसा बाहेर पडते. सहा आठवड्यांनी प्रश्नावलीत गुण झाले नऊ, शिल्लक ४० आणि रात्री एकदा उठणे. धार तरुणपणासारखी झालेली नाही, आणि ती तशी होईल असे कोणी सांगितलेही नव्हते. दर वर्षी शिल्लक आणि मूत्रपिंडाची चाचणी पुन्हा करायची आहे.

हे वाचून कोणी असे समजू नये की शिल्लकीचा मोठा आकडा नेहमी पाण्याचाच फुगवटा असतो. उलट अनुभवही मी जवळून पाहिला आहे. आमच्या नात्यातील शहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांना लघवीची तक्रार नव्हतीच. दुखत नव्हते, जळजळ नव्हती. फक्त थोडी थोडी वारंवार होई आणि अलीकडे रात्री धोतर ओले होई. हे वयामुळे होते असे समजून घरच्यांनी गादीवर मेणकापड घातले. भूक मंदावली, मळमळ सुरू झाली, तेव्हा पित्ताचे औषध चालले. अखेर रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन ३.८ निघाले आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली. लघवी करून आल्यानंतरची शिल्लक होती ९०० मिलिलिटर. मूत्राशय हळूहळू ताणले जाऊन त्याची संवेदनाच गेली होती. जे रात्री गळत होते ते काठोकाठ भरलेल्या हंड्यातून सांडणारे पाणी होते, आणि मागचा दाब मूत्रपिंडांवर चढत होता. नळी घालून रुग्णालयात ठेवले, कारण असा अडथळा एकदम मोकळा केला की एक-दोन दिवस लघवीचा पूर लोटतो आणि क्षार व रक्तदाब सांभाळावा लागतो. काही आठवड्यांत क्रिएटिनिन १.६ पर्यंत उतरले आणि मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंडांचे जेवढे नुकसान आधी झाले होते तेवढे मात्र भरून आले नाही.

अण्णांच्या १७० ला फारसा अर्थ नव्हता आणि या गृहस्थांचे ९०० प्राणावर बेतणारे होते. तक्रारी मात्र अण्णांच्या अधिक होत्या. म्हणून केवळ त्रासावरून शिल्लक ओळखता येत नाही आणि केवळ शिल्लकीवरून त्रास. दोन्ही शेजारी ठेवूनच निर्णय होतो. शस्त्रक्रियेची वेळ येते ती लघवी पुन्हा पुन्हा अडत असेल, अडथळ्यामुळे मूत्रपिंडे बिघडत असतील, जंतुसंसर्ग वारंवार होत असेल, मूत्राशयात खडा झाला असेल, ग्रंथीतून रक्त जात राहत असेल किंवा औषधांनी गुण येत नसेल तेव्हा. ग्रंथी चाळीस ग्रॅमची आहे की साठ, एवढ्यावरून नव्हे.

ज्यांची शिल्लक थोडीफार राहते त्यांनी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. सर्दी झाली की औषधाच्या दुकानातून आपण दोन गोळ्या आणतो. नाक मोकळे करणारी स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन ही द्रव्ये मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळतात आणि सोबतचे क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करते. काठावर असलेल्या माणसाची लघवी त्याने पूर्ण बंद पडू शकते. अशा वेळी पाणी पिऊन पाहू, सकाळपर्यंत थांबू, असे करू नये. पोट तटतटलेले आणि लघवीचा थेंब नाही, अशी अवस्था आली की त्याच रात्री रुग्णालय गाठावे. नळी घातली की काही मिनिटांत आराम पडतो. लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप आला किंवा झोपेत कपडे ओले होऊ लागले, तरी विलंब करू नये.

म्हणून सोनोग्राफीला जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाणी बेताने, घाई असह्य होणार नाही इतकेच प्यावे. लघवी करून आल्याबरोबर, शक्यतो पाच-दहा मिनिटांत, दुसरी तपासणी करण्याची विनंती आधीच करावी. उशीर झाला तर पुन्हा जाऊन यावे आणि मगच टेबलावर पडावे. आणि लघवीपूर्वी किती होती, नंतर किती राहिली व मध्ये किती वेळ गेला, हे तिन्ही आकडे अहवालावर लिहून मागावेत. पहिला आणि तिसरा आकडा नसेल, तर मधल्या शिल्लकीवरून डॉक्टरांनाही नीट निष्कर्ष काढता येत नाही. व्यापारी माणूस जमा-खर्च न पाहता शिल्लक मान्य करीत नाही. येथेही करू नये.